नॉर्मल डिलिव्हरीचे टाके: उतरलेलं दुखणं परत वाढलं तर?

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ९:५०

मंडळी, घरात ज्याला विचारावं तो वेगळं सांगतोय, म्हणून इथे विचारते. ताई बाळंतपणाला सांगलीला माहेरी आली आहे. गुरुवारी पहाटे नॉर्मल डिलिव्हरी झाली, मुलगा झाला, सव्वातीन किलोचा. कट दिला नव्हता, डोकं बाहेर येताना फाटलं. कार्डावर 'सेकंड डिग्री टिअर' लिहिलंय, म्हणजे कातडीच्या आत स्नायूपर्यंत गेलेलं. टाके विरघळणारे आहेत, काढायला यायला नको असं सांगून घरी सोडलं.

रविवारपर्यंत दुखणं चांगलं उतरलं होतं. स्वतः उठून लंगोट बदलत होती. काल दुपारपासून मात्र परत ठणका लागलाय. आज एका बाजूवर रेलून बसते आणि उठताना चेहरा वेडावाकडा करते. पॅडवर दोऱ्याचा बारीक तुकडाही दिसला. ताप नाही. पॅरासिटॅमॉल चालू आहे. आई म्हणते, टाके भरून येताना ओढतात, तसंच असतं. भाऊजी फोनवर म्हणतात, उद्या दाखवून या. ताईला त्या टेबलावर परत झोपायचंच नाहीये. थांबावं का दोन दिवस? आणि एरवी या टाक्यांची काळजी नक्की काय घ्यायची?

पार्थ_पिंपरी | रात्री १०:०५

माझ्या बायकोला तीच भीती होती. टाक्यांना पाणी अजिबात लागू द्यायचं नाही. आम्ही वॉटरप्रूफ पट्टी लावून अंघोळ घालायचो. आठव्या दिवशी टाके काढले. ठणका राहतो थोडा, पट्टा बांधला की बरं वाटतं.

खारूताई | रात्री १०:११

पार्थदादा, ते सिझरचे टाके झाले. हे खालचे आहेत. वॉटरप्रूफ पट्टी कुठे लावायची म्हणता? :)
अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर अशी म्हण आहे, इथे जावई डॉक्टर नसूनही बरोबर बोलतोय. कृष्णाकाठ, भाऊजींचं ऐका.

पार्थ_पिंपरी | रात्री १०:१३

ओह. नीट वाचलं नाही. क्षमस्व. पट्टी रद्द.

वैजूमावशी | रात्री १०:३०

माझी तीन बाळंतपणं झाली, तिन्ही वेळा टाके होते. घाबरायचं काही नाही गं. आमच्याकडे रोज अंघोळीनंतर बाजेखाली शेगडी ठेवून ओवा आणि बाळंतशेपाची धुरी द्यायचे. त्याने टाके कोरडे पडतात, वास येत नाही. पाणी मात्र बाळंतिणीला कमी द्यायचं, नाहीतर पोट सुटतं. आणि पाचव्या-सहाव्या दिवशी ठणकतंच, तेव्हाच दूध उतरतं आणि अंगात कणकणही येते. तो दुधाचा ताप. आपोआप जातो.

बाभूळ | रात्री १०:४२

मावशी, धुरीने वास येत नाही की धुरीच्या वासात तो वास कळत नाही? :)

रानजाई | रात्री ११:१५

प्रसूतितज्ज्ञ आहे, म्हणून लिहिते. कृष्णाकाठ, थांबू नका. उद्या सकाळीच न्या.

कारण सांगते. या जखमेचं दुखणं पहिले दोन-तीन दिवस जास्त असतं आणि मग रोज थोडं थोडं कमी होत जातं. टाके ओढल्यासारखे वाटणं, लघवीला चुरचुरणं, खाज सुटणं हे भरून येताना होतं, तुमच्या आईचं तेवढं खरं आहे. पण एकदा उतरलेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर परत चढायला लागलं, तर जखमेत काहीतरी बिनसलंय असंच मी धरून चालते. बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो.

'ताप नाही' यावर विसंबू नका. पॅरासिटॅमॉल ताप झाकतं. पुढची गोळी द्यायच्या आधी थर्मामीटर लावा. १००.४ किंवा त्याहून वर असेल, थंडी वाजून हुडहुडी भरत असेल, छातीत धडधड किंवा धाप असेल, ती असंबद्ध बोलत असेल, तर सकाळची वाट न बघता आत्ता निघा. तसं नसेल तर सकाळ चालेल.

आज रात्री एक करा. ताईला हात धुवून, पाय फाकवून छोट्या आरशात बघू दे, किंवा ती तयार असेल तर तुम्ही बघा. टॉर्च घ्या. टाक्यांची रेघ एकसंध आहे का, की खालच्या टोकाला कडा एकमेकींपासून सुटल्यात? भोवती लाल, तट्ट आणि गरम आहे का? पिवळट-हिरवट काही येतंय का? अंगावरून जाणाऱ्या रक्ताला एक वास असतोच, पण तो कुजकट नसतो. दोरा पडण्याबद्दल म्हणाल तर विरघळणाऱ्या टाक्यांच्या गाठी दुसऱ्या आठवड्यात अशाच पॅडवर पडतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तुमच्याकडे तो जरा लवकर आणि वाढत्या ठणक्याबरोबर पडलाय, म्हणून बघायला सांगते.

वैजूमावशी, दूध उतरताना कणकण येते हे बरोबर. पण ती साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी येते, दोन्ही स्तन दगडासारखे होतात आणि एक-दीड दिवसात उतरते. तेव्हा खाली ठणका वाढत नाही. बाळंतिणीचा प्रत्येक ताप दुधाच्या नावावर खपवला, की खरा ताप हातातून निसटतो.

कृष्णाकाठ | रात्री ११:५०

धन्यवाद डॉक्टर. गोळीआधी ९९.८ आला. हुडहुडी नाही. आरशात ताईने बघितलं आणि लगेच आरसा माझ्या हातात दिला. मी बघितलं. खालच्या बाजूला कडा सुटल्यासारख्या दिसतात, आत पिवळट आहे. वासही येतोय, आतापर्यंत आम्ही तो पॅडचा समजत होतो. सकाळी नऊला जातोय.

सांजवात | बुधवार, सकाळी ७:२०

चांगलं केलंत. रात्रभर मनात होतं म्हणून लिहिते. माझ्या वेळी ठणका पहिल्याच रात्री वाढला होता, काही तासांत. एका बाजूला लिंबाएवढी गाठ, खाली सतत शीची जोराची भावना आणि गोळीने अजिबात फरक नाही. सगळे म्हणत होते, पहिलटकरीण आहे, सहन होत नाही. नर्सने बघितलं तर आत रक्त साठलं होतं. परत थिएटरमध्ये नेऊन काढलं.

रानजाई | सकाळी ७:५५

सांजवात, हे लिहिलंत ते बरं झालं. पहिल्या दिवसातलं असं असह्य, एका बाजूचं, वाढतच जाणारं दुखणं म्हणजे बहुधा आत साठलेलं रक्त. त्यात तासही महत्त्वाचे असतात. कृष्णाकाठच्या ताईचं दुखणं वेगळं, ते दिवसांनी वाढलंय.

लीड्सकर | सकाळी ८:३०

मी इंग्लंडात असते. मला फोर्सेप्स लागले आणि थर्ड डिग्री झालं, म्हणजे शीच्या जागेचा आवळणारा स्नायूही फाटला. टाके थिएटरमध्ये, कंबरेत इंजेक्शन देऊन घातले. घरी येताना अँटिबायोटिक आणि लॅक्टुलोज दिलं. पहिली शी ही माझ्या आयुष्यातली सर्वात भीतीदायक घटना होती, डिलिव्हरीपेक्षाही. तिथल्या सुईणीने युक्ती सांगितली ती लिहिते. अर्धा-पाऊण तास आधी दुखण्याची गोळी घ्यायची. पाय छोट्या स्टुलावर ठेवून पुढे वाकायचं. स्वच्छ पॅड घडी करून टाक्यांवर पुढून हाताने हलका दाब देऊन धरायचा. कुंथायचं नाही. टाके तुटतील ही भीती असते, ते तसे तुटत नाहीत.

आणि इसबगोल घेऊ नका, मला स्पष्ट नाही सांगितलं होतं.

बाभूळ | सकाळी ९:०२

आमच्याकडे तर डॉक्टरांनीच इसबगोल दिलं होतं बायकोला. आता कोणाचं खरं?

रानजाई | दुपारी २:१०

ओपीडीतून आत्ता सुटले. दोघांचंही खरं आहे. लीड्सकर यांचा आवळणारा स्नायू शिवलेला होता. त्यात शी मऊ हवी, पण तिचा गोळा मोठा नको, म्हणून नुसतं लॅक्टुलोज देतात, त्याच्या जोडीला इसबगोल देत नाहीत. सेकंड डिग्रीला इसबगोल चालतं, पण एका अटीवर, वर भरपूर पाणी प्यायलं पाहिजे. मावशींच्या पद्धतीने पाणी कमी आणि वर इसबगोल म्हणजे खडाच व्हायचा. दूध पाजणाऱ्या बाईला एरवीपेक्षा जास्त पाणी लागतं. पोट सुटण्याचा पाण्याशी संबंध नाही.

डिंकाचे लाडू खा, आनंदाने खा, पण त्याबरोबर भाजी आणि ताक पण असू दे. नुसता तूप-मेवा आणि वर पाणी कमी, या बेतानं सहाव्या दिवशी ज्या कळा येतात त्या मी रोज ऐकते.

वैजूमावशी | दुपारी २:४०

बरं बाई, पाणी देऊ. पण शेकाला तरी नाही म्हणू नका. आम्हाला त्यानेच आराम पडला.

रानजाई | दुपारी ३:०५

मावशी, उबेला नाही म्हणत नाही, निखाऱ्याला म्हणते. ती जागा सुजलेली असते, जाणीव बोथट झालेली असते. चटका बसतोय हे उशिरा कळतं. भाजून आलेल्या बाळंतिणी मी बघितल्यात. शिवाय त्याच खोलीत तान्हं बाळ, त्याला धूर कशाला?

पहिला एक-दोन दिवस गार शेक द्यायचा. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. बर्फ थेट कातडीला लावायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून स्वच्छ टबात कोमट साधं पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसायचं. कोपर बुडवून बघा, सोसवेल इतपतच ऊन. त्यात जंतुनाशकाचं टोपण ओतू नका, जखम चरचरते आणि भरायला मदतही होत नाही. लघवी करताना मगने कोमट पाणी पुढून मागे ओतत राहिलं की चुरचुर निम्मी होते. पुसायचं नाही, मऊ सुती कापडाने टिपायचं. पॅड भिजायची वाट न बघता तीन-चार तासांनी बदलायचा. आणि मांडी घालून बसणं थोडे दिवस टाळा, टाक्यांवर ताण येतो. एका कुशीवर झोपून बाळाला पाजता येतं.

मोगरा_ठाणे | दुपारी ३:३०

ते तांबडं आयोडीनचं औषध? मला महिनाभर लावायला सांगितलं होतं, नणंदेने.

रानजाई | दुपारी ३:४८

नणंद डॉक्टर आहे का? नसेल तर नको. ओल्या जखमेतून आयोडीन अंगात शोषलं जातं आणि दुधात उतरतं, तान्ह्याच्या थायरॉइडला ते बरं नाही. डॉक्टरने दोन-चार दिवस दिलं तर तेवढंच. बहुतेकींना साधं पाणी पुरतं.

कृष्णाकाठ | सायंकाळी ६:२०

आलो घरी. जरा सविस्तर लिहिते, पुढे कोणाला उपयोग होईल.

जंतुसंसर्गच निघाला. खालचे दोन टाके सुटले होते. डॉक्टरांनी आधी दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि ते लागू पडेपर्यंत थांबले, त्यामुळे ताई धीराने झोपली. आतून तपासलं. टाके घालताना ठेवलेलं गॉज आत राहिलं नाही ना हे बघावं लागतं म्हणाल्या, तसंही कुजकट वास येतो. तसं काही नव्हतं. मग शीच्या जागेतून बोट घालून तपासलं, आवळून दाखव म्हणाल्या. स्नायू शाबूत आहे. पू काढून तपासणीला पाठवला, सुटलेल्या टाक्यांचे दोरे काढून टाकले आणि सलाइनने धुतलं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट आणि मेट्रोनिडॅझोल दिलंय. दूध पाजत राहायला सांगितलं. बाळाला थोडं पातळ होऊ शकतं, घाबरू नका म्हणाल्या.

आता धक्का असा की परत शिवलं नाही. उघडंच ठेवलंय. ताई वाटभर रडली. बोटाचं पेर मावेल एवढी फट आहे. अशी कशी भरणार?

खारूताई | सायंकाळी ६:३५

बिचारी. भाऊजींना एक पेढा जास्त द्या.

बाभूळ | सायंकाळी ६:५०

माझ्या वहिनीचे उघडले तेव्हा परत शिवले होते, सोलापूरला. सरळ विचारा की शिवत का नाहीत. उघडं ठेवणं म्हणजे टाळाटाळ.

रानजाई | रात्री ९:१५

बाभूळ, टाळाटाळ नाही. पू असताना वरून शिवलं तर तो आत कोंडतो. पावसात पाणी न काढता डांबर ओतलेल्या खड्ड्याचं जे होतं तेच. संसर्ग हटल्यावर, जखम स्वच्छ गुलाबी झाल्यावर काही डॉक्टर परत शिवतात, विशेषतः फट मोठी असेल तर. लहान असेल तर तळापासून भरू देतात. कोणतं सरस यावर आमच्यातही एकमत नाही. शिवलं तर लवकर मिटतं, पण परत उघडण्याची शक्यता असते. न शिवता कित्येक आठवडे लागतात, पण पेराएवढी फट भरते आणि बहुतेकींची रेघ नंतर छान दिसते.

कृष्णाकाठ, दोन-तीन दिवसांत ठणका स्पष्टपणे कमी व्हायला हवा. नाही झाला किंवा लाली मांडीकडे, ढुंगणाकडे पसरायला लागली, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा.

दुखण्याच्या गोळ्या काय चालू आहेत?

कृष्णाकाठ | रात्री ९:४०

पॅरासिटॅमॉल ५०० ची एक, दुखेल तेव्हा. आई म्हणते दुधातून बाळाला जातं, म्हणून ताई टाळते.

रानजाई | रात्री १०:०२

दुखेल तेव्हा नको, घड्याळ लावून द्या. पन्नास किलोच्या वर वजन असेल तर ५०० च्या दोन, सहा तासांनी, चोवीस तासांत आठच्या वर नाही. वजन कमी असेल तर डोस कमी, तुमच्या डॉक्टरांना विचारा. तेवढ्याने भागलं नाही तर जेवणानंतर आयबुप्रोफेन ४००, दिवसातून तीनदा. दोन्ही दुधात अगदी किंचित उतरतात, पाजायला हरकत नाही. बीपी वाढलेलं होतं, दमा, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको. आणि बाजारात या दोन्हींची एकत्र गोळी मिळते. ती घेत असाल तर वेगळं पॅरासिटॅमॉल त्यात मोजा, नाहीतर नकळत दुप्पट होतं. कोडीन असलेली गोळी मात्र पाजणाऱ्या आईने घ्यायची नाही.

पार्थ_पिंपरी | रात्री १०:२०

यावेळी धागा नीट वाचून विचारतो. गुरुवारी डिलिव्हरी झाल्यावरच अँटिबायोटिक दिलं असतं तर हे टळलं असतं ना? आमच्या ओळखीत सगळ्यांना पाच दिवस देतात.

रानजाई | रात्री १०:४५

देतात खरं, पण साध्या प्रसूतीनंतर सरसकट द्यावं असं जागतिक आरोग्य संघटनेचं मत नाही. थर्ड-फोर्थ डिग्रीला मात्र द्यावं. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावलेल्यांबाबत ब्रिटनमधला मोठा अभ्यास २०१९ साली आला. सहा तासांच्या आत शिरेतून एकच डोस दिल्यावर संसर्गाचं प्रमाण १९ टक्क्यांवरून ११ वर आलं. ताईला यातलं काहीच लागलं नव्हतं. तिला दिलं असतं तर टळलं असतं का, हे कोणीच सांगू शकत नाही.

बाभूळ | रात्री १०:५८

म्हणजे पाच दिवसांच्या गोळ्या खाल्लेल्या बायकोचे पैसे फुकट?

खारूताई | रात्री ११:०१

पैसे सोड, पाच दिवस तिचं पोट बिघडलं असेल ते बघ.

मोगरा_ठाणे | गुरुवार, सकाळी १०:१५

अवांतर: ती मध्ये भोक असलेली रिंगची उशी घ्यावी का? ऑनलाइन हजारभर रुपयांना आहे.

लीड्सकर | सकाळी ११:४०

मला घेऊ नको म्हणाले होते. कडेला दाब पडून मधला भाग खाली लोंबतो आणि सूज वाढते म्हणे. मी बाळाचं जाड दुपटं घडी करून बसायचे.

सांजवात | दुपारी १२:०५

मी मात्र त्या उशीवरच महिना काढला. फीडिंगला खूप आराम. प्रत्येकीचं वेगळं असावं.

शेवंती_८ | दुपारी ४:३०

नवीन आयडी काढून लिहितेय. माझ्या बाळंतपणाला तीन महिने झाले. टाके छान भरले, दुखत नाही. पण हवा रोखता येत नाही, आणि शीची भावना आली की धावावं लागतं. कार्डावर सेकंड डिग्रीच लिहिलंय. सासूबाई म्हणतात होतं बरोबर हळूहळू. हे टाक्यांमुळे का?

रानजाई | दुपारी ४:५२

शेवंती, हे नक्की दाखवा, आणि 'हवा रोखता येत नाही' याच शब्दांत सांगा. आवळणाऱ्या स्नायूला लागलेलं कधी कधी शिवताना लक्षात येत नाही. वरून जखम सुंदर भरते आणि आत तो स्नायू तुटका राहतो. बोटाने तपासून, गरज वाटली तर त्या भागाची सोनोग्राफी करून कळतं. स्नायू शाबूत निघाला तर ओटीपोटाच्या व्यायामाने बराच फरक पडतो, पण ते तपासल्यावर ठरवायचं. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या स्त्रीरोग विभागात जा. लाजू नका असं म्हणणार नाही, लाज वाटणारच. चिठ्ठीवर लिहून नेलंत तरी चालेल.

लीड्सकर | सायंकाळी ५:३०

शेवंती, मला व्यपनि करा. मी यातून गेलेय. फिजिओने शिकवलेले व्यायाम पाठवते, पण आधी तपासून घ्या.

कृष्णाकाठ | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ११:१०

धागा वर काढतेय, बऱ्याच जणींनी निरोपात विचारलं म्हणून. ठणका तिसऱ्या दिवशीच उतरला होता. फट आता जवळजवळ मिटली आहे. फक्त एका ठिकाणी लाल मऊ मांसाचा दाणा आलाय, धुताना त्यातून जरासं रक्त येतं. ताईला वाटतंय परत संसर्ग झाला.

रानजाई | दुपारी १:०५

ताप नाही, वास नाही, ठणका नाही, तर संसर्ग वाटत नाही. उघडी जखम भरताना कधी कधी मांस जरा जास्तच वाढतं. बरेचदा आपोआप बसतं. सहा आठवड्यांच्या तपासणीपर्यंत राहिलं तर त्यावर सिल्व्हर नायट्रेटची काडी टेकवतात, दोन मिनिटांचं काम. संबंधांना तोवर थांबा. नंतर पाण्यावर आधारलेलं वंगण वापरा, पाजणाऱ्या बायकांना कोरडेपणा असतोच, तो सगळा टाक्यांच्या माथी मारू नका.

वैजूमावशी | दुपारी १:३०

आणि पाणी पाजताय ना तिला?

कृष्णाकाठ | दुपारी १:३४

हो मावशी. आईच तांब्या घेऊन मागे असते आता.